ओव्हरहेडचे ७ लाख वसूल झाले नाहीत. चूक कोटेशनची की दराची?

कुंडईचा_लेथ

नमस्कार मंडळी. गोव्यात कुंडई इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचं छोटं वर्कशॉप आहे. बाबांनी तीन लेथवर सुरू केलं तेव्हा सगळं काम खाणींचा माल वाहणाऱ्या बार्जचं होतं. शाफ्ट, बुश, विंचचे भाग. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा ते काम निम्म्यावर आलं आणि २०१८ ला दुसरा दणका बसला. मग मी कर्ज काढून एक व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन, घेतलं आणि वेर्ण्याच्या औषध कंपन्यांची कामं धरली. आज आमच्याकडे दोन्ही चालतं. एका बाजूला जुने लेथ, मिलिंग, वेल्डिंग आणि फिटिंगचा बाक, दुसऱ्या बाजूला व्हीएमसी.

कोटेशन काढायची पद्धत अजून बाबांचीच आहे. जॉबला लागणारी मजुरी काढायची, तिच्या दुप्पट ओव्हरहेड, म्हणजे भाडं-वीज वगैरे सामाईक खर्च, धरायचा, माल मिळवायचा आणि वर २० टक्के नफा. दुप्पट का, तर वर्षाच्या सुरुवातीला अंदाज केला तेव्हा ओव्हरहेड ३६ लाख आणि जॉबवरची मजुरी १८ लाख येत होती. म्हणजे २०० टक्के.

मार्चअखेर हिशेब लावला. जॉबकार्डांवर मजुरी पडली १४.९७ लाख. तिच्या दुप्पट म्हणजे २९.९४ लाख ओव्हरहेड जॉबवर चढला. प्रत्यक्ष खर्च झाला ३६.९६ लाख. ७.०२ लाख कुठेच बसले नाहीत. व्हीएमसी तर वर्षभर थांबलंच नाही, उलट ओव्हरटाइम द्यावा लागला. तरी नफा आदल्या वर्षीपेक्षा कमी.

आमचे अकाउंटंट म्हणतात, सरळ आहे, ३६.९६ ला १४.९७ ने भागा, २४७ टक्के येतात, पुढच्या वर्षी २५० लावा. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. माझी कोटेशनं ७ लाखांनी कमी गेली, असाच याचा अर्थ घ्यायचा का?

वेर्णे_सीएनसी

मजुरीवर टक्का लावणं ही आजोबांच्या काळची पद्धत झाली. प्रत्येक मशीनचा तासाचा दर काढ आणि तोच लाव. लेथला वेगळा, मिलिंगला वेगळा, व्हीएमसीला वेगळा. मशीन अवर रेट लावलास की हा फरक उरतच नाही. आम्ही सहा वर्षं तेच करतोय.

म्हापशाची_छपाई

आमचा छापखाना आहे, पण दुखणं हेच. सासरे ओव्हरहेड कागदाच्या किमतीवर टक्क्याने लावायचे. लग्नपत्रिकेला भारी आर्ट पेपर लागायचा म्हणून पत्रिकेवर खर्चाचा डोंगर चढायचा. बिलबुकांना साधा कागद, त्यामुळे ती स्वस्त दिसायची. पण बिलबुकाला नंबरिंग, परफोरेशन, बाइंडिंग, सगळा वेळ तिथेच जातो. दोन वर्षांत पत्रिका शेजारच्या छापखान्यात गेल्या आणि आमच्याकडे बिलबुकांचे ढीग लागले. रात्री दहापर्यंत काम चालायचं आणि गल्ला रिकामा. कुंडईकर, तुमचं "व्हीएमसी थांबलंच नाही तरी नफा कमी" हे वाक्य वाचलं आणि तेच दिवस आठवले.

रायबंदरचा_खलाशी

वसूल न झालेले पैसे म्हणाल तर बार्जवाल्यांकडून उशीर होणारच. आमच्याकडे एकाचं बिल चौदा महिने अडकलं होतं. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय शाफ्टला हात लावू नका.

कुंडईचा_लेथ

@रायबंदरचा_खलाशी, उधारीचा प्रश्न नाही हो. बिलं आलीत. भाडं, वीज, घसारा, सुपरवायझरचा पगार असा जो खर्च कुठल्याच एका जॉबचा नसतो, तो जॉबवर पुरेसा चढला नाही असं म्हणतोय. ॲडव्हान्सचा सल्ला मात्र मनापासून मान्य.

फोंड्याचे_खर्चकाका

कुंडईकर, आकडे नीट मांडलेत म्हणून उत्तर द्यायला हुरूप आला. मी तीस वर्षं कारखान्यांच्या खर्चाचं काम केलं, आता निवृत्त आहे. तुम्हाला का पटत नाही ते सांगता येईल, पण आधी तीन गोष्टी हव्यात.

एक, ३६ लाखांतला किती खर्च व्हीएमसीमुळे आणि किती बाकीच्या शेडमुळे? भाडं जागेप्रमाणे तोडा, वीज मीटर नसेल तर मशीनच्या भाराप्रमाणे. अगदी काटेकोर नको, प्रामाणिक हवं.

दोन, रुपये सोडा, तास सांगा. अंदाजातले आणि प्रत्यक्षातले, दोन्ही बाजूंचे.

तीन, जॉबकार्डावरची मजुरी ३ लाखांनी घटली. ती माणसं कुठे गेली? तुम्ही पगार महिन्यावर देता ना? मग जॉबवर न पडलेला पगार कुठे लिहिला?

कुंडईचा_लेथ

काका, दोन रात्री बसून काढलं.

अंदाजातल्या ३६ लाखांपैकी व्हीएमसीचे १६.८० लाख येतात. घसारा, सर्व्हिस काँट्रॅक्ट, टूल आणि इन्सर्ट, कूलंट, वीज, कर्जाचं व्याज आणि भाड्याचा वाटा. बाकी शेडचे १९.२० लाख.

व्हीएमसीचे तास अंदाजात २,४०० होते, झाले २,७००. ऑपरेटर आयटीआय करून आलेला तरुण मुलगा आहे, त्याला तासाला ११० पडतात. लेथ-वेल्डिंग-फिटिंगचे माणसांचे तास १२,८०० धरले होते, झाले १०,०००. तिथे जुने हात आहेत, सरासरी १२० रुपये तास.

माणसांचं म्हणाल तर आमचा एक टर्नर जुलैत आखाताला गेला. त्याच्या जागी कोणी घेतलं नाही, कारण काम तेवढं दिसत नव्हतं. त्याचे साधारण २,००० तास कमी झाले. उरलेले ८०० तास माणसं हजर होती पण जॉब नव्हता. त्यांचे ९६ हजार अकाउंटंटनी ओव्हरहेडमध्येच टाकलेत. ३६ चे ३६.९६ झाले ते त्यामुळेच. बाकी खर्च जवळजवळ अंदाजाबरहुकूम झाला.

फोंड्याचे_खर्चकाका

आता चित्र स्पष्ट आहे. सावकाश लिहितो, एका बैठकीत वाचलं नाही तरी चालेल.

तुमच्या आकड्यांवरून व्हीएमसीच्या प्रत्येक तासामागे खर्च पडतो १६.८० लाख भागिले २,४००, म्हणजे ७०० रुपये. तुमच्या पद्धतीने त्या तासावर चढतात ११० च्या दुप्पट, २२० रुपये. प्रत्येक तासाला ४८० रुपये कमी.

लेथच्या बाजूला माणसाच्या तासामागे खर्च पडतो १९.२० लाख भागिले १२,८००, म्हणजे १५०. तुम्ही चढवता १२० च्या दुप्पट, २४०. प्रत्येक तासाला ९० रुपये जास्त.

आता प्रत्यक्ष तासांनी गुणा. व्हीएमसीच्या जॉबवर २,७०० गुणिले ४८०, म्हणजे १२.९६ लाख कमी चढले. लेथच्या जॉबवर १०,००० गुणिले ९०, म्हणजे ९ लाख जास्त चढले. वजाबाकी करा, ३.९६ लाख. तुमच्या ७.०२ पैकी एवढा भाग चुकीच्या आधाराचा, म्हणजे सगळीकडे मजुरीवर टक्का लावल्याचा.

उरले ३.०६ लाख. त्यात ९६ हजार त्या ८०० तासांच्या पगाराचे. बाकीचे २.१० तासांच्या फरकाचे. लेथच्या बाजूला २,८०० तास कमी भरले म्हणून तिथला ४.२० लाखांचा खर्च बसला नाही, आणि व्हीएमसी ३०० तास जास्त चाललं म्हणून २.१० लाख जास्त बसले.

तेव्हा "७ लाखांनी कोटेशनं कमी गेली का" याला माझं उत्तर नाही असं आहे. काही कोटेशनं १३ लाखांनी कमी गेली, काही ९ लाखांनी जास्त, आणि या दोन चुका एकमेकींना बरंच झाकून बसल्या. मला या ७ लाखांपेक्षा भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. समजा लेथचं काम थोडं जास्त आलं असतं, तर हाच फरक आणखी लहान दिसला असता. तुम्ही म्हणाला असता, दर बरोबर आहे. आणि व्हीएमसीचं प्रत्येक कोटेशन तेव्हाही तासाला ४८० नी कमीच गेलं असतं.

म्हापशाची_छपाई

काका, हे वाचून अंगावर काटा आला. आमचं नेमकं हेच झालं होतं. बिलबुकं आणि पत्रिका दोन्ही भरपूर होत्या तोवर हिशेब जुळत होता, म्हणून कोणाला कळलंच नाही.

वेर्णे_सीएनसी

म्हणजे मी पहिल्याच उत्तरात सांगितलं ते बरोबर निघालं ना? मशीन अवर रेट.

फोंड्याचे_खर्चकाका

अर्धं बरोबर निघालं. व्हीएमसीला मशीनचा तासच हवा, कारण तिथला खर्च मशीनमागे धावतो, ऑपरेटरमागे नाही. पण लेथच्या बाजूला प्रत्येक मशीनचा दर काढून काय हाती लागणार? लेथ जुने, घसारा संपलेला. एक टर्नर कधी एक मशीन चालवतो, कधी दुसरं, मग बाकावर फाइल घेऊन बसतो, मधे वेल्डिंग करतो. तिथे खर्च माणसाच्या वेळेमागे आहे. माणसाचा तास धरा, पुरे.

आणि "फरक उरतच नाही" हे मात्र खरं नाही. वर दाखवलं तसं, दोन्ही दर अचूक असते तरी ३.०६ लाख उरलेच असते. काम कमी आलं की दर कितीही शहाणा असो, खर्च बसत नाही. तुमच्याकडे सहा वर्षं फरक आला नाही म्हणता, तर एकदा बघा, वर्षाच्या शेवटी कोणी दर मागे जाऊन बदलत तर नाही ना?

वेर्णे_सीएनसी

विचारून बघितलं. आमचे लोक मार्चमध्ये प्रत्यक्ष खर्च भागिले प्रत्यक्ष तास असा "खरा दर" काढतात आणि सगळे जॉब त्यावर पुन्हा मांडतात. म्हणून फरक शून्य. कोटेशनं मात्र जुन्याच दराने गेलेली असतात. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मागे घेतो.

स्पिंडल_११०

मी दुसऱ्या एका शॉपमध्ये व्हीएमसी चालवतो. तुमच्या हिशेबात एक गोष्ट येत नाहीये ती सांगतो.

मागच्या महिन्यात स्टेनलेसचे १२ तुकडे होते. साहेबांनी कोटेशनमध्ये ६ तास धरले. कसे धरले, तर प्रोग्रॅमचा वेळ तुकड्याला २५ मिनिटं, म्हणजे ५ तास, आणि सेटिंगचा १ तास. प्रत्यक्षात काय होतं? वाइस काढून फिक्स्चर बसवायचं, डायल लावून सरळ करायचं, G54 घ्यायचं, पहिला तुकडा काढून तपासणीला पाठवायचा. तपासणीवाला जेवायला गेलेला असतो, तेवढा वेळ मशीन उभं. मग तुकडा उलटा करायचा, दुसरं सेटिंग, पुन्हा तपासणी. स्क्रीनवर RUN TIME बघितला तर साडेपाच तासांच्या आत होता. जॉबकार्डावर मी खरे ९ तास लिहिले. सुपरवायझर म्हणाला ६ लिही, कोटेशनशी जुळलं पाहिजे.

मी ९ च ठेवले. पण सगळे ठेवत नाहीत.

फोंड्याचे_खर्चकाका

@स्पिंडल_११०, तुम्ही ९ ठेवलेत याबद्दल आभार मानतो, कारण खर्चाचं सगळं शास्त्र त्या एका कार्डावर उभं असतं.

यात सगळ्यांनी बघण्यासारखी गोष्ट आहे. वर्षअखेरचा फरक काढताना आपण दराला प्रत्यक्ष तासांनी गुणतो. कोटेशनमधल्या तासांनी नाही. म्हणजे कोटेशन ६ तासांचं आणि काम ९ तासांचं झालं, तर हिशेबात ओव्हरहेड ९ तासांचा पूर्ण बसलेला दिसतो. फरक शून्य! आणि कंपनीने ३ तास फुकट दिलेले असतात. ७०० च्या दराने २,१०० ओव्हरहेड आणि वर मजुरी. हा तोटा वसूल न झालेल्या ओव्हरहेडमध्ये कधीच दिसत नाही, थेट नफ्यातून जातो. उलट कार्डावर ६ लिहिले तर मशीनचे तास कमी दिसतात, ओव्हरहेड बसला नाही असं दिसतं, आणि मालकाला वाटतं काम कमी होतं.

म्हणून कुंडईकर, कार्डावर सेटिंगचे तास वेगळ्या ओळीत लिहायला लावा. आणि ७०० चा दर सेटिंग धरून निघालाय, कारण २,४०० तासांत सेटिंग आहे. तो दर नुसत्या कटिंगच्या तासांना लावलात, तर कितीही काम आलं तरी कोटेशन कमीच पडणार.

मडगावची_सीए

चांगली चर्चा आहे, पण अकाउंटंटवर थोडा अन्याय होतोय. त्यांनी ७ लाख नफा-तोट्यात टाकले असतील तर ते बरोबरच आहे. लेखा मानक २ प्रमाणे शिल्लक मालावर स्थिर उत्पादनखर्च नेहमीच्या क्षमतेवर चढवायचा असतो. काम कमी झालं म्हणून प्रत्येक नगावर जास्त खर्च चढवून शिल्लक माल फुगवता येत नाही. जे बसलं नाही ते त्याच वर्षाचा खर्च.

पण काकांशी माझा एक मतभेद आहे. पुढच्या वर्षी लेथला १०,००० च तास मिळणार असतील, तर १२,८०० वर दर काढून त्यांनी स्वतःची समजूत का घालावी? १९.२० लाख खर्च होणारच आहे. १०,००० तासांवर तो १९२ रुपये पडतो. १५० ने कोटेशन दिलं तर ४२ रुपये दर तासाला कोण देणार?

फोंड्याचे_खर्चकाका

ताई, मुद्दा खरा आहे. पण तो ४२ रुपयांचा भाग उभ्या लेथचा आहे. तो शाफ्ट घेऊन आलेल्या माणसाने का द्यावा? त्याने तर काम आणलंय. दर १९२ केला की कोटेशन चढतं, आणखी एक जॉब जातो, तास ९,००० होतात, मग दर २१३. दरवर्षी गणित बरोबर असतं आणि दरवर्षी शेड जास्त रिकामी होते. मी एक फाउंड्री अशीच बंद पडताना जवळून पाहिली आहे. शेवटच्या वर्षी त्यांचा दर कागदोपत्री अगदी अचूक होता.

त्या ४.२० लाखांचं उत्तर कोटेशनमध्ये शोधू नये असं मला वाटतं. एक लेथ विकायचा का, अर्धी शेड भाड्याने द्यायची का, माणूस व्हीएमसीच्या दुसऱ्या पाळीला शिकवायचा का, हे प्रश्न विचारावेत. दरात मुरवले की ते प्रश्न दिसेनासे होतात.

मडगावची_सीए

काम तात्पुरतं कमी असेल तर मान्य. पण खाणीचं काम जुन्या प्रमाणात परत येईल याची खात्री कोणाला आहे? १२,८०० ही आता "नेहमीची" क्षमता राहिलेली आहे का, हाच माझा प्रश्न आहे.

रायबंदरचा_खलाशी

माझं पहिलं उत्तर चुकलं होतं, पण हे मला माहीत आहे. बार्जचं काम वर्षभर सारखं नसतंच. जून ते सप्टेंबर पावसात बार्ज यार्डात ओढतात तेव्हा एकदम धांदल, चवथीनंतर धावपळ करून पाण्यात सोडतात, मग ऑक्टोबर ते मे फक्त मोडतोड झाली तर. बारा महिन्यांच्या सरासरीने तुम्ही तास मोजता ते पटत नाही.

फोंड्याचे_खर्चकाका

महिन्याचा फरक बघायचा झाला तर तुमचं म्हणणं अगदी बरोबर. जानेवारीत फरक मोठा आला म्हणून कोणी घाबरू नये आणि ऑगस्टमध्ये उलटा आला म्हणून खूशही होऊ नये. दर मात्र वर्षाचाच हवा, नाहीतर एकच शाफ्ट पावसात स्वस्त आणि उन्हाळ्यात महाग होईल.

वेर्णे_सीएनसी

एक विचारतो. १६.८० लाखांत कुंडईकरांनी कर्जाचं व्याज धरलंय. ते धरायचं असतं का?

कुंडईचा_लेथ

व्याज २.४० लाख आहे. म्हणजे ७०० मधले १०० रुपये तासाला.

फोंड्याचे_खर्चकाका

आमच्या शिस्तीत व्याज उत्पादनाच्या ओव्हरहेडमध्ये येत नाही, ते वेगळं दाखवतात. कारण तेच मशीन रोखीने घेतलं असतं तर तुकड्याचा खर्च बदलला नसता. माझ्या मते दर ६०० ठेवा आणि व्याज नफ्याच्या टक्क्यातून भागवा.

वेर्णे_सीएनसी

इथे मी काकांशी सहमत नाही. बँकेचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जातो. कोटेशनमध्ये ते १०० नसतील तर भाव करताना मी आधी तेच सोडून देईन, मला माझा स्वभाव माहीत आहे. हिशेबाच्या वहीत वेगळं दाखवा, कोटेशनच्या कागदावर राहू द्या.

मडगावची_सीए

वहीत काकांचं, कागदावर वेर्णेकरांचं. मला दोन्ही चालतं, फक्त तेच व्याज दोन्हीकडे मोजू नका.

कुंडईचा_लेथ

दहा दिवसांनी परत आलो. तुमच्या सगळ्यांच्या सांगण्यावरून गेल्या वर्षीची कोटेशनांची फाइल उघडली आणि दोन जॉब पुन्हा मांडले. व्याज सध्या दरात ठेवलंय.

पहिला, औषध कंपनीच्या पॅकिंग मशीनचे २० भाग. माल १४,०००. व्हीएमसीवर १४ तास, बाकावर ३ तास. मजुरी १,९००. जुन्या पद्धतीने ओव्हरहेड ३,८००, एकूण १९,७००, नफा धरून २३,६४० ला दिलं. ऑर्डर फोनवरच मिळाली होती, आणि मला फार आनंद झाला होता. आता नव्या दराने ओव्हरहेड येतो १०,२५०. एकूण खर्च २६,१५०. म्हणजे २०० टक्क्यांच्या कोटेशनमध्ये दिसत असलेला ३,९४० चा नफा मुळात नव्हताच, उलट पूर्ण खर्चाला अडीच हजार कमी पडले.

दुसरा, बार्जचा शाफ्ट. माल गिऱ्हाइकाचा, झिजलेल्या जागी वेल्डिंगचा थर चढवून मापात टर्न करून द्यायचा. एकूण २८ तास, मजुरी ३,३६०. आम्ही १२,०९६ सांगितले. तो माणूस बाबांचा जुना गिऱ्हाईक. म्हणाला, "तुझ्या बापाकडून कधी भाव केला नाही, पण दुसरीकडे साडेदहाला होतंय." आणि गेला. नव्या दराने तोच जॉब नफ्यासकट ९,०७२ ला होतो.

मग अकाउंटंटचे २५० टक्के लावून बघितले. शाफ्ट १४,११२ होतो. आणि औषध कंपनीचा जॉब २४,७८०. म्हणजे शाफ्ट आणखी लांब गेला, आणि व्हीएमसीचा जॉब तरीही २६,१५० च्या खालीच. आता मला का पटत नव्हतं ते सांगता येतंय.

म्हापशाची_छपाई

टर्नर आखाताला गेला आणि त्याच्या जागी कोणी घेतलं नाही, त्याचं कारणही याच कोटेशनमध्ये आहे हो. काम नव्हतं असं नाही. काम साडेदहाला दुसरीकडे चाललं होतं.

कुंडईचा_लेथ

हे मी रात्री वाचलं आणि बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तो आमच्याकडे अकरा वर्षं होता.

फोंड्याचे_खर्चकाका

मन लहान करू नका. पण म्हापशाच्या ताई म्हणतात तो मुद्दा हिशेबातही आणा. मी वर ३.९६ लाख चुकीच्या आधाराचे आणि ४.२० लाख कमी तासांचे असं वेगळं केलं. कागदावर ते वेगळे आहेत, शेडमध्ये नाहीत. आधार चुकला म्हणून शाफ्ट महाग झाला, म्हणून तास गेले. त्या २,८०० तासांतले किती खाणीमुळे गेले आणि किती तुमच्या २४० रुपयांमुळे, हे कुठलाही फॉर्म्युला सांगणार नाही. ते गमावलेल्या कोटेशनांची फाइल सांगेल. तुम्ही न मिळालेली कोटेशनं ठेवता का?

कुंडईचा_लेथ

शाफ्टचं सापडलं ते नशीब. बाकीची फेकून देतो.

फोंड्याचे_खर्चकाका

आजपासून ठेवा. गिऱ्हाईक कितीला गेलं ते कळलं तर पेन्सिलीने कोपऱ्यात लिहा. मडगावच्या ताईंचा १२,८०० की १०,००० हा प्रश्न त्यावरूनच सुटेल, माझ्या तत्त्वांवरून नाही.

स्पिंडल_११०

आणि जिंकलेल्या कोटेशनवर कार्डाचे खरे तासही लिहा. ऑपरेटरला दाखवा. आम्हाला कळलं तर आम्ही फिक्स्चर आदल्या दिवशी बनवून ठेवतो.

वेर्णे_सीएनसी

खरी अडचण पुढेच आहे. २६,१५० वर २० टक्के म्हणजे ३१,३८०. वेर्ण्याच्या खरेदीवाल्याला २३,६४० ची सवय लागली आहे. बेळगावहून कोणी २७ ला द्यायला तयार होईल. तिथे मशीन तीन पाळ्यांत चालतात, तासाला ७०० पडतच नाहीत.

कुंडईचा_लेथ

तेच झालं. काल गेलो होतो. ३१ म्हटल्यावर त्यांनी कागद परत सरकवला. मी २८ म्हणालो. सोमवारी कळवतो म्हणालेत. तोपर्यंत दुसरी पाळी चालवली तर तास किती होतील आणि ७०० चे किती उरतील ते मांडतोय. घसारा आणि भाडं तेवढंच राहील, पण टूल आणि वीज वाढेल, आणि रात्रीचा ऑपरेटर कुंडईत मिळायला हवा.

आणि @रायबंदरचा_खलाशी, बाबांच्या त्या जुन्या गिऱ्हाइकाची दुसरी बार्ज यार्डात ओढली आहे असं ऐकलं. उद्या सकाळी ९,०७२ चा कागद घेऊन जातोय. ॲडव्हान्स मागेन.